वाळवण एका मेसेजात, लोणचं दुसऱ्या: आमच्या गटाच्या ऑर्डरीच्या मजकुराची गोष्ट

आमचा गट वाईचा. उन्हाळ्यात वाळवण, मग कैरीचं लोणचं, आणि गिऱ्हाईक बहुतेक पुण्याचं. कोथरूड, बाणेर, हडपसरकडची घरं, दोघंही नोकरीला जाणारी. माल करणाऱ्या हातांची आमच्याकडे कमी नाही. मी मात्र पापड लाटत नाही (माझा पापड गोल होत नाही, हे गटात सर्वमान्य आहे). मी हिशेब ठेवते आणि फोन सांभाळते, म्हणून फेब्रुवारी लागला की ऑर्डरी मागवायचा मजकूरही माझ्याच गळ्यात येतो.

आधीची काही वर्षं जो मेसेज जायचा तो असा होता: "आजीच्या हातची चव आता तुमच्या ताटात! शुद्ध, पौष्टिक, केमिकलविरहित घरगुती पापड, कुरडया, लोणची. ऑर्डरसाठी त्वरित संपर्क साधा." खाली फुलं, सूर्य आणि हात जोडलेले. मेसेज वाईट होता असं नाही. गिऱ्हाईक यायचंही. पण त्या मेसेजानंतर खरं काम सुरू व्हायचं. प्रत्येक जण निदान पाच-सहा प्रश्न विचारायचा, आणि ही माणसं विचारणार कधी, तर मुलं झोपल्यावर, रात्री अकराच्या पुढे. आमच्या बायका पहाटे चारला चीक शिजवायला उठणार. मी सकाळी उत्तर द्यायचे तोवर समोरची व्यक्ती मीटिंगमध्ये. असं दोन-तीन दिवस चाललं की एक ऑर्डर ठरायची, नाहीतर विरून जायची.

म्हणून 2025च्या हंगामाआधी मी वेगळं काहीतरी करायचं ठरवलं. नवा मजकूर सुचवायला बसण्याआधी मागच्या वर्षीचे सगळे चॅट वर सरकवत वाचले आणि लोकांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवले. चवीबद्दल जवळजवळ कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते हे: पाव किलोत किती पापड बसतात? आम्ही चौघं आहोत, किती घेऊ? नक्की कधी मिळेल? एअर फ्रायरमध्ये होतात का? घरी कुणी नसतं, वॉचमनकडे ठेवाल का? पापडखार म्हणजे सोडाच का? लोणचं पापडाबरोबरच येईल ना?

हा शेवटचा प्रश्न पाहून लोणच्याच्या काकू हसायलाच लागल्या. "एप्रिलात लोणचं? अगं, कैरीला अजून बाठ धरायचीय."

आणि इथेच पहिला निर्णय झाला. आमचा जुना मेसेज पापड-लोणची एका दमात म्हणायचा, त्यामुळे शहरातल्या माणसाला ते एकाच वेळी तयार होतं असं वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात दोन्हींचं घड्याळ वेगळं. पापड-कुरडयांना मार्च-एप्रिलचं कोरडं ऊन लागतं. साठवणीच्या लोणच्याची कैरी कडक, आंबट, आत बाठ टणक झालेली लागते. ती मे उजाडल्यावर बाजारात भरात येते. आमच्याकडे लोणचं घालायची वेळ म्हणजे मेचा शेवट, रोहिणी नक्षत्र, मृगाच्या आत. त्यानंतर ते मुरायला महिनाभर. म्हणजे पापड हातात पडल्यावर लोणचं पोचायला दोन महिने. दोन वेगळे मेसेज, दोन वेगळ्या शेवटच्या तारखा, दोन वेगळे हिशेब असं ठरलं. अध्यक्षबाईंना भीती वाटत होती की लोक दुसऱ्यांदा ऑर्डर देणार नाहीत. मला उलट वाटत होतं, पण तेव्हा सिद्ध करायला हातात काही नव्हतं, म्हणून गप्प बसले.

पाव किलो म्हणजे किती

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका ओळीवर. आम्ही किलोत विचार करतो. अमुक किलो डाळीचं पीठ, अमुक किलो पापड. पण शहरातल्या स्वयंपाकघरात कुणाला एक किलो पापड डोळ्यासमोर येत नाही. त्यांना दिसतो तो ताटातला एक पापड.

मी तराजू घेऊन बसले. आमचा उडदाचा पापड हाताच्या पंजाएवढा. वेगवेगळ्या बायकांनी लाटलेले पापड मोजले, तर 250 ग्रॅममध्ये 24 ते 26 बसत होते. मग 25 धरले. आता खाणाऱ्याकडून हिशेब. नोकरी करणाऱ्या घरात पापड रोज भाजला जात नाही. कधी लागतो? दमून आल्यावर, खिचडी टाकायच्या रात्री. आठवड्यात एक खिचडीची रात्र आणि घरात चार माणसं धरली तर आठवड्याला चार पापड. वर्षाचे 52 आठवडे म्हणजे 208 पापड, म्हणजे आठ पाकिटं, दोन किलो. आल्या-गेल्याचं धरून अडीच.

हे मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "दोन किलो सांगितलं तर लोक पळून जातील. चार पाकिटं म्हण." त्यात तथ्य होतं. वर्षाची बेगमी करून ठेवायची जागाही त्या घरांत नसते. मग आम्ही वर्षाऐवजी सहा महिन्यांचं माप दिलं: चार माणसं, आठवड्याला एक खिचडी, दिवाळीपर्यंत चार पाकिटं. दिवाळी हा शब्द घातला कारण "सहा महिने" म्हटलं की माणूस कुठून कुठे मोजायचं ते विचारत बसतो. एप्रिल अखेर ते दिवाळी, गणित जुळत होतं.

कुरडईचं माप वेगळं. ती खिचडीबरोबर नाही, सणाला आणि पाहुण्याला तळली जाते. तिथे आम्ही "एका वेळेला चार माणसांना आठ कुरडया" एवढंच लिहिलं.

मर्यादा गच्चीची

दुसरा मोठा प्रश्न होता तो "कधी मिळेल"चा. मागच्या वर्षीपर्यंत आम्ही "साधारण एप्रिलात" म्हणायचो. नोकरदार माणसाला साधारण चालत नाही; त्याला रविवार लागतो. पण रविवार देण्याआधी आपण किती माल करू शकतो ते माहीत असायला हवं, आणि गंमत म्हणजे हे आम्ही कधी कागदावर मांडलंच नव्हतं.

कुरडईचं उदाहरण घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा. तो रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि पहाटे आधणात मीठ-हिंग घालून शिजवायचा. गरम असतानाच सोऱ्याने घालायच्या, कारण चीक गार झाला की सोऱ्या दाबताना हात भरून येतात आणि तार तुटते. ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया पडलेल्या पाहिजेत. दोन दिवस कडक ऊन लागलं की त्या खडखडीत होतात.

आमच्या गच्चीवर एका खेपेला दहा किलो गव्हाच्या कुरडया मावतात. किलो गव्हाला अर्धा किलोच्या आसपास कुरडई पडते. म्हणजे एका खेपेला पाच किलो. मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत दिवसाआड घातल्या तर बारा खेपा. दोन खेपा ढगाळ हवेला सोडून द्यायच्या. राहिल्या दहा खेपा, पन्नास किलो, 200 पाकिटं. लाटणाऱ्या हातांचा प्रश्नच नव्हता, अडत होतं ते गच्चीपाशी. उडदाच्या पापडाचं तसं नाही. त्याला कडक ऊन नकोच, कडेने वळतो आणि चिरतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवून शेवटी थोडं कोवळं ऊन दाखवलं की झालं. ते काम घरात, ओट्यावर कुठेही पसरता येतं.

म्हणून मेसेजात कुरडईपुढे "फक्त 200 पाकिटं" असं लिहिलं. दुकानदार लिहितात ते "मर्यादित साठा" आणि हे यात फरक आहे. हा आकडा खरा होता आणि कुणी विचारलं तर गच्ची दाखवता येत होती.

पोचवण्याची तारीख: रविवार, 27 एप्रिल. ऊन दगा देईल म्हणून पर्यायी रविवार, 4 मे. दोन्ही तारखा आधीच सांगितल्या. सगळं एकाच फेरीत द्यायचं, उडीद पापड आधी तयार झाले तरी थांबवायचे, हेही ठरलं. दोनदा टेम्पो पाठवणं आम्हाला परवडत नाही आणि गिऱ्हाइकालाही दोन रविवार अडकवून घ्यायचे नसतात. शेवटची तारीख 9 मार्च, कारण त्यानंतर उडदाची डाळ आणि गहू घाऊक घ्यायचे. निम्मे पैसे आधी मागायचं कारणही तेच, आणि ते कारण आम्ही मेसेजात लिहिलं. निम्मे पैसे का, हे सांगितलं की कुणी वाद घालत नाही.

काढून टाकलेले शब्द

"केमिकलविरहित" हा शब्द पहिला गेला. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने सरळ विचारलं होतं, "ताई, पापडखार काय असतो मग?" बरोबरच होतं त्यांचं. पापडखार हा क्षार आहे, त्याच्यामुळेच पापड भाजताना फुलतो आणि हलका होतो. तो न घालता उडदाचा पापड करता येत नाही असं नाही, पण आमचा तसा नसतो. मग लपवायचं कशाला? "उडीद डाळीचं पीठ, मिरी, पापडखार, मीठ, हिंग, लाटायला तेल" असं सरळ लिहिलं.

हिंगापाशी पुन्हा अडलो. नाचणीच्या पापडाला "ग्लूटेन नाही" असं लिहावं अशी सूचना आली होती, कारण शहरात हल्ली असं विचारणारे बरेच असतात. मी हिंगाची डबी उलटी करून वाचली. आपण वापरतो तो बांधणीचा हिंग. त्यात डिंकाबरोबर गव्हाचं पीठ असतं. ज्याला गहू खरंच चालत नाही त्याच्यासाठी हे महत्त्वाचं. शिवाय कुरडयांच्या गच्चीवरच नाचणीचे पापड वाळतात. ते वाक्य लिहिलं नाही, उलट "हिंगात गहू असतो" असं कंसात टाकलं. तसंच लोणच्यात आम्ही शेंगदाण्याचं घाणीचं तेल घालतो, तेही नाव घेऊन लिहायचं ठरलं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात.

"मधुमेहींसाठी उत्तम" हेही गेलं. असा दावा करायला पुरावा लागतो, कायद्यानेही आणि मनाच्या समाधानासाठीही. आपण पापड विकतोय, औषध नाही. "आजीच्या हातची चव" मात्र काढायला अध्यक्षबाई तयार नव्हत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "माझ्या नातीच्या मैत्रिणींना आजीचा पापड आठवतच नाही, त्यांना डब्यातला आठवतो." आणि ती ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली.

मेसेज

लांब मेसेज फोनवर अर्धाच दिसतो, बाकीचा दाबल्यावर उघडतो. म्हणून पहिल्या तीन ओळींत काय, कधीपर्यंत आणि कधी मिळणार हे बसवलं. साल मुद्दाम घातलं. आमचे मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत राहतात, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी जुन्या भावाने ऑर्डर देतं. चित्र वेगळं आणि मजकूर वेगळा पाठवला की फिरताना दोघांची ताटातूट होते, म्हणून फोन नंबर मजकुरातच. शेवटी गेला तो असा:

> उन्हाळी वाळवण 2025 – वाईहून
> ऑर्डर रविवार 9 मार्चपर्यंत.
> पुण्यात पोच रविवार 27 एप्रिल, सकाळी 9 ते 12 (ऊन नीट लागलं नाही तर 4 मे).
>
> उ – उडीद पापड, 250 ग्रॅम (साधारण 25), 130 रु.
> ना – नाचणी पापड, 250 ग्रॅम, 110 रु.
> कु – गव्हाची कुरडई, 250 ग्रॅम, 130 रु. (फक्त 200 पाकिटं)
> सा – साबुदाण्याच्या चिकवड्या, 250 ग्रॅम, 120 रु.
>
> किती घ्यावं? चार माणसं, आठवड्याला एकदा खिचडी-पापड: दिवाळीपर्यंत उडदाची 4 पाकिटं. कुरडई एका वेळेला चौघांना 8 पुरतात.
>
> भाजायचं की तळायचं? उडीद, नाचणी – गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा तळून. कुरडई आणि चिकवड्या तळूनच. एअर फ्रायरमध्ये फुलत नाहीत.
>
> उडीद पापडात: उडीद डाळ, मिरी, पापडखार, मीठ, हिंग (हिंगात गहू असतो), तेल.
>
> ऑर्डर एका ओळीत पाठवा, अशी:
> नाव, सोसायटी, उ4 ना2 कु3
> (वरची ऑर्डर 1130 रु.)
>
> निम्मे पैसे ऑर्डरीबरोबर, कारण डाळ आणि गहू आम्ही त्याच आठवड्यात घेतो. बाकी माल हातात आल्यावर.
> घरी कुणी नसेल तर पाकिटं सुरक्षारक्षकाकडे ठेवू, ऑर्डरीत तसं लिहा.

खाली आमचं नाव, फोन, अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक. फुलं-सूर्य काही नाही. एक मावशी म्हणाल्या, "अगदी लाइटबिलासारखं दिसतंय." मग वर एक फोटो लावला: गच्चीवर पसरलेल्या कुरडया आणि कोपऱ्यात मावशींचीच पाठ.

संध्याकाळी सात वाजता पाठवला. रात्री साडेदहानंतर ऑर्डरी पडायला लागल्या आणि सकाळपर्यंत मला उत्तर फक्त "मिळाली" एवढंच द्यायचं होतं. एअर फ्रायरचा प्रश्न त्या हंगामात फार थोड्यांनी विचारला, आणि विचारला तो कुरडया हातात पडल्यावर, "करून बघितलं, खरंच नाही फुलत" असा.

एक गोष्ट मात्र आम्हाला सुचली नव्हती. ऑर्डरीचा नमुना दिला "उ4 ना2 कु3", आणि भराभर लोकांनी तीच ऑर्डर दिली! ओळ उचलायची, आपलं नाव घालायचं, पाठवायची. दमलेल्या माणसाला कुणीतरी ठरवून दिलेलं बरं वाटतं. त्याचा परिणाम असा की कुरडईची 200 पाकिटं शेवटच्या तारखेच्या बरीच आधी संपली, आणि चिकवड्या नमुन्यातच नव्हत्या म्हणून पडून राहिल्या. नमुना हा नुसता नमुना नसतो, तो सल्ला म्हणून वाचला जातो. मग मेसेज बदलून नमुना "उ4 सा2" केला, कुरडईपुढे "संपली" लिहिलं, आणि दोन दिवसांत चिकवड्यांच्या ऑर्डरी हलल्या.

ढग

एप्रिलच्या सुरुवातीला आभाळ आलं. दहा किलो गव्हाचा चीक रात्री निवळायला ठेवला होता; हवा दमट, उकाडा. पहाटे झाकण काढल्यावरच मावशींनी नाक मुरडलं. चीक थोडा आंबट असतोच, गहू भिजलेला असतो, पण हा वास वेगळा, उग्र. वरचं पाणी करडं झालेलं. त्यांनी थोडा चीक शिजवून बघितला, पाच-सात कुरडया घालून एका पंख्याखाली वाळवल्या आणि दुसऱ्या दिवशी तळल्या. लालसर झाल्या, तेलात पसरल्या नाहीत, मध्ये कच्चट राहिल्या. सगळी खेप सोडून दिली. गच्चीच्या हिशेबात दोन खेपा सोडलेल्या होत्या, त्यातली एक ही. त्यामुळे 27 एप्रिलची तारीख हलली नाही. दुसरी खेप ढगात गेली असती तरी भागलं असतं. तिसरी गेली असती तर 4 मेचा रविवार होता.

या वेळी अध्यक्षबाई म्हणाल्या, लोकांना कळवू या का? मी म्हटलं, तारीख बदलत नाही तोवर नको. ज्याच्या ऑर्डरीवर परिणाम नाही त्याला काळजीत टाकायचं कशाला?

माल बांधताना प्रत्येक पाकिटातली एक कुरडई, एक पापड मोडून बघायचा नियम आहे. कट् असा आवाज आला पाहिजे. वाकला किंवा चिवट लागला की परत उन्हात. ओल राहिलेला पापड पाकिटात बंद झाला की पंधरा दिवसांत कडेला बुरशीचे ठिपके दिसतात, आणि तोवर तो पुण्यात कुणाच्या तरी डब्यात असतो.

लोणच्याचा मेसेज

लोणच्याचा मजकूर एक मेला तयार होता: ऑर्डर 18 मेपर्यंत, लोणचं घालणार मेच्या शेवटच्या आठवड्यात, पोच रविवार 29 जून. पण त्या वर्षी मेने सगळ्यांनाच फसवलं. पहिल्या आठवड्यापासूनच वळीव धरून बसला, आणि दहा मेला हवामान खात्याने मोसमी पाऊस केरळात 27 मेलाच येईल असा अंदाज दिला. काकूंनी बाजारात फेरी मारली आणि सांगितलं, रोहिणीची वाट बघायची नाही. पावसात भिजलेल्या कैरीला पाणी सुटतं, फोडी मऊ पडतात, आणि ओलसर फोड बरणीत गेली की मीठ कितीही घाला, वर पांढरी साय धरते. मसाला आधीच एप्रिलच्या उन्हात वाळवून, दळून ठेवलेला होता, एवढं बरं.

त्यामुळे मेसेज बदलावा लागला आणि या वेळी कारणासकट बदलला:

> कैरीचं लोणचं 2025 – तारीख बदलली आहे.
> ऑर्डर आता बुधवार 14 मेपर्यंत (आधी 18 होती). पाऊस लवकर येतोय, कोरडी कैरी मिळतेय तोवर लोणचं घालायचं आहे.
> पोच तीच – रविवार 29 जून.

घाई केल्यावर ऑर्डरी वाढल्या. खरंच घाई होती, हे लोकांना खिडकीतूनच दिसत होतं. अध्यक्षबाईंची दुसऱ्या ऑर्डरीची भीतीही तिथेच संपली. वाळवण घेतलेल्यांतल्या बऱ्याच घरांनी लोणचंही घेतलं.

उघडीप मिळाली तशी कैरी आणली. राजापुरी, आणि थोडी गावठी. एकेक कैरी कोरड्या फडक्याने पुसून, फोडी करून पंचावर पसरल्या आणि घरात पंख्याखाली सुकवल्या. किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, त्याच्याहून थोडं कमी तिखट, मेथी आणि हळद पंचवीस-पंचवीस, हिंग, आणि तेल कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं, साडेतीनशे-चारशे मिली. आम्ही बरण्या बंद करत होतो त्याच आठवड्यात राज्यभर पाऊस कोसळला, आणि 26 मेला मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात पोचलाही.

लोणच्याच्या मजकुरात एक परिच्छेद होता, तो माल पोचल्यानंतरचा. बरण्या प्रवासात हलतात, आडव्या होतात, तेल खाली-वर होतं. बरणी उघडली की वरच्या फोडी कोरड्या दिसतात आणि घाबरून फोन येतो. म्हणून लिहिलं: "बरणी दोन दिवस उभी ठेवा, तेल आपोआप वर येईल. फोडी तेलाखाली असू द्या. चमचा कोरडा. रोजच्यासाठी छोट्या बाटलीत काढून घ्या." आणि बरणी अर्ध्या किलोचीच ठेवली, 200 रुपयांना. किलोची बरणी स्वस्त पडते हे खरं, पण ती चार माणसांच्या घरात रोज उघडली जाते, कुणी ना कुणी ओला चमचा घालतंच.

29 जूनला लोणचं गेलं. सहा महिन्यांच्या मापात बसलेले पापड तेव्हा बऱ्याच घरांत अर्धे संपले होते. पावसाळ्यात खिचडीची रात्र आठवड्याला एकच नसते हे आम्ही धरलंच नव्हतं, असं एका मॅडमनी कळवलं. पुढच्या वर्षीच्या मजकुरात "दिवाळीपर्यंत 4 पाकिटं"च्या जागी "गणपतीपर्यंत 4" लिहायचं आहे. गटाकडे उडदाची सोळा पाकिटं उरली होती, ती मी रविवारी दुपारी एका ओळीत टाकली: "उडीद पापड, 16 पाकिटं शिल्लक, आधी येईल त्याला, कुरिअरचा खर्च तुमचा." चहा होईपर्यंत गेली.